सीओडीचा हिशेब पार्सलनिहाय: कुरिअरने दिलेली रक्कम डिलिव्हरीशी कशी जुळवावी

कॅश ऑन डिलिव्हरीवर माल विकणाऱ्या विक्रेत्याचे पैसे ग्राहकाच्या हातून थेट त्याच्याकडे येत नाहीत. ते आधी डिलिव्हरी करणाऱ्या माणसाकडे, मग कुरिअरच्या स्थानिक शाखेत, तिथून कंपनीच्या मुख्य खात्यात आणि शेवटी, करारात ठरलेल्या दिवसांनी, विक्रेत्याच्या बँक खात्यात जमा होतात. या शेवटच्या टप्प्याला व्यवहारात ‘रेमिटन्स’ म्हणतात. बँकेत दिसणारी रक्कम ही पन्नास-साठ पार्सलांची एकत्रित रक्कम असते आणि बहुतेक वेळा तिच्यातून वाहतूक खर्च, परतीचा खर्च आणि मागच्या दुरुस्त्या आधीच वजा झालेल्या असतात. त्यामुळे बँकेतली ओळ पाहून कोणत्या ग्राहकाचे पैसे आले आणि कोणाचे राहिले हे कळायला काही मार्ग नसतो.

अनेक विक्रेते महिन्याच्या शेवटी एकूण विक्री आणि एकूण जमा यांची वजाबाकी करतात आणि फरक ‘साधारण तेवढाच’ आला की समाधान मानतात. ही पद्धत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकूण फरकात न आलेले पैसे, उशिरा येणारे पैसे, चुकून जास्त आलेले पैसे आणि योग्य कपात हे सगळे एकमेकांत मिसळलेले असते आणि एक चूक दुसरीला झाकते. सीओडीच्या हिशेबाचे एकक पार्सल हेच असले पाहिजे. पुढे दिलेली पद्धत त्याच पायावर उभी आहे. ती साध्या स्प्रेडशीटमध्ये चालते आणि महिन्याला काही हजार पार्सलांपर्यंत पुरी पडते.

आधी करारातून कोणत्या गोष्टी काढून घ्यायच्या

कुरिअरशी झालेल्या करारात, किंवा एकाच ठिकाणाहून अनेक कुरिअर देणाऱ्या मध्यस्थ सेवेच्या अटींमध्ये, रेमिटन्सचे वेळापत्रक दिलेले असते. त्यातून तीन गोष्टी नेमक्या शब्दांत लिहून घ्याव्यात. पहिली म्हणजे डिलिव्हरीनंतर किती दिवसांनी रक्कम देय होते आणि ते दिवस साधे मोजायचे की कामकाजाचे. दुसरी म्हणजे रक्कम आठवड्यातून कोणत्या वारी सोडली जाते. तिसरी म्हणजे वाहतुकीचे बिल रेमिटन्समधून परस्पर वजा करण्याचा अधिकार कुरिअरला आहे का आणि तक्रार नोंदवण्याची मुदत किती आहे. ही मुदत अनेकांच्या लक्षातच येत नाही. मुदत उलटल्यावर केलेली मागणी, कितीही खरी असली तरी, कुरिअर केवळ त्या कारणावरून नाकारू शकतो.

या लेखातील उदाहरणासाठी आपण असे धरू की डिलिव्हरीनंतर सात साधे दिवस पूर्ण झाले की रक्कम देय होते आणि ती दर सोमवारी व गुरुवारी सोडली जाते. म्हणजे मंगळवारी ४ तारखेला पोहोचलेल्या पार्सलचे सात दिवस ११ तारखेला, मंगळवारी, पूर्ण होतात आणि त्याचे पैसे गुरुवारी १३ तारखेच्या हप्त्यात अपेक्षित असतात. प्रत्येक पार्सलची अशी ‘देय तारीख’ काढता आली नाही, तर न आलेले पैसे उशिरा आहेत की अजून त्यांची वेळच झालेली नाही, हे सांगता येत नाही. म्हणून पुढील सगळी मांडणी या एका तारखेभोवती फिरते.

तीन पाने आणि एक चावी

स्प्रेडशीटमध्ये तीन पाने करावीत. पहिल्या पानाचे नाव ‘पार्सल’ असावे आणि त्यात रवाना केलेल्या प्रत्येक सीओडी पार्सलची एक ओळ असावी. दुसरे पान ‘रेमिटन्स’, ज्यात कुरिअरने पाठवलेल्या प्रत्येक रेमिटन्स फाइलमधील ओळी एकाखाली एक जोडल्या जातील. तिसरे पान ‘हप्ते’, ज्यात प्रत्येक बँक जमेची एकच ओळ असेल. ग्राहकाने आधीच पैसे भरलेली पार्सले पहिल्या पानात आणू नयेत, कारण त्यांची वसुली शून्य असते आणि ती मिसळली की यादी निष्कारण फुगते.

पार्सल पान आणि रेमिटन्स पान यांना जोडणारी गोष्ट म्हणजे एडब्ल्यूबी क्रमांक, म्हणजेच लेबलवर छापलेला ट्रॅकिंग क्रमांक. ऑर्डर क्रमांकावर जुळवणी करू नये. एका ऑर्डरची दोन पार्सले होतात, एकच ऑर्डर दुसऱ्यांदा पाठवली जाते आणि काही कुरिअर रेमिटन्स फाइलमध्ये ऑर्डर क्रमांक अर्धवट छापतात किंवा देतच नाहीत.

मात्र एडब्ल्यूबी क्रमांक जसाच्या तसा वापरण्यात एक धोका आहे, आणि ‘फाइलमध्ये ओळ दिसते पण सूत्राला सापडत नाही’ अशा प्रकारांच्या मुळाशी बहुतेक वेळा तोच असतो. कुरिअरची सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल या क्रमांकाला संख्या समजते. अकरापेक्षा जास्त अंक असतील तर तो 1.23457E+13 असा दिसू लागतो, सुरुवातीची शून्ये गळून पडतात आणि क्रमांक पंधरा अंकांपेक्षा मोठा असेल तर त्यापुढील अंकांची कायमची शून्ये होतात. ती फाइल तशीच जतन केली की मूळ क्रमांक परत मिळत नाही. म्हणून फाइल डेटा आयात करण्याच्या मार्गाने उघडावी आणि त्या स्तंभाचा प्रकार ‘मजकूर’ असा निवडावा. कुरिअरकडून आलेली मूळ फाइल न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, म्हणजे गडबड झाली तरी पुन्हा सुरुवात करता येते.

एवढे करूनही पुरत नाही, कारण `SUMIFS` आणि `COUNTIFS` ही सूत्रे संख्येसारख्या दिसणाऱ्या मजकुराला तुलनेच्या वेळी संख्याच मानतात. त्यामुळे सुरुवातीची शून्ये असलेला आणि नसलेला क्रमांक त्यांना एकच वाटतो आणि सोळा-सतरा अंकी दोन वेगळे क्रमांकही सारखे ठरू शकतात. यावरचा उपाय सोपा आहे. क्रमांकापुढे कुरिअरचे एक अक्षर जोडून ‘चावी’ तयार करावी, म्हणजे ती कधीच संख्या ठरत नाही. शिवाय दोन कुरिअरचे क्रमांक योगायोगाने सारखे निघाले तरी गोंधळ होत नाही. काही फाइलींमध्ये क्रमांकाच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह आणि शेवटी रिकामी जागा असते, तीही याच सूत्रात काढून टाकता येते. कच्ची फाइल चिकटवलेल्या पानावर क्रमांक B स्तंभात असेल, तर चावी अशी तयार होते:

```
="अ-"&SUBSTITUTE(TRIM(B2),"'","")
```

पार्सल पानाचे स्तंभ पुढील क्रमाने ठेवावेत: A मध्ये चावी, B मध्ये ऑर्डर क्रमांक, C मध्ये रवानगीची तारीख, D मध्ये ग्राहकाकडून वसूल व्हायची रक्कम, E मध्ये कुरिअरने दाखवलेली स्थिती, F मध्ये डिलिव्हरीची तारीख, G मध्ये देय तारीख, H मध्ये आलेली रक्कम, I मध्ये फरक आणि J मध्ये शेरा. D मधील रक्कम स्वतःच्या ऑर्डर प्रणालीतून घ्यावी, कुरिअरच्या पोर्टलवरून घेऊ नये. ती कुरिअरकडून घेतली तर दोन्ही बाजूंना एकच आकडा येतो आणि रकमेतील तफावत कधीच उघड होत नाही.

रेमिटन्स पानात A मध्ये चावी, B मध्ये रक्कम, C मध्ये हप्त्याचा क्रमांक आणि D मध्ये मूळ फाइलीचे नाव असावे. मध्यस्थ सेवा वापरत असाल तर पैसे देणारी ती असते, प्रत्यक्ष पार्सल नेणारा कुरिअर नव्हे. म्हणून चावीतील अक्षर त्या सेवेचे घ्यावे.

स्थिती आणि तारीख

कुरिअरच्या पोर्टलवरून रोज, किंवा किमान एक दिवसाआड, स्थितीचा अहवाल उतरवून E आणि F स्तंभ भरावेत. अहवाल फक्त नव्या पार्सलांचा घेऊ नये. मागच्या साठ दिवसांतील सगळ्या पार्सलांचा घ्यावा, कारण आज ‘पोहोचले’ दिसणारे पार्सल दहा दिवसांनी ‘परत’ दिसू शकते, आणि हा बदल आपल्याला कोणी स्वतंत्रपणे कळवत नाही.

इथे शब्दांच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. पोर्टलवर ग्राहकाला पोहोचलेल्या पार्सलपुढे `Delivered` असे लिहिलेले असते, तर ग्राहकाने न घेतल्यामुळे विक्रेत्याकडे परत पोहोचलेल्या पार्सलपुढे अनेक ठिकाणी `RTO Delivered` असे असते. ज्याने शोधताना ‘डिलिव्हर्ड हा शब्द असलेल्या सगळ्या ओळी’ अशी चाळणी लावली, त्याच्या यादीत परत आलेली पार्सलेही विक्री म्हणून मोजली जातात आणि मग कधीही न मिळणाऱ्या पैशांसाठी कुरिअरकडे मागणी होते. स्थिती नेहमी पूर्ण शब्दाने तपासावी, तुकड्याने नाही.

तारखांचीही तीच गत आहे. फाइलीत दिवस आधी आणि संगणकाच्या मांडणीत महिना आधी असेल, तर बारापर्यंतच्या तारखांमध्ये दिवस-महिना अदलाबदल होऊन त्या निमूट चुकीच्या होतात आणि तेरापासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून पडून राहतात. हे ओळखायला एक चाचणी पुरते: डिलिव्हरीची तारीख रवानगीच्या आधीची किंवा आजच्या नंतरची असलेली एकही ओळ निघाली, तर संपूर्ण स्तंभ पुन्हा आयात करावा. तारखेसोबत वेळही येत असेल तर `INT` वापरून ती काढून टाकावी.

आता देय तारीख. सोमवार-गुरुवारच्या हप्त्यासाठी G स्तंभातील सूत्र असे होते:

```
=IF(F2="","",F2+7+CHOOSE(WEEKDAY(F2,2),0,2,1,0,3,2,1))
```

सात दिवसांनी तोच वार येत असल्याने डिलिव्हरीचा वार पाहिला तरी चालते. कंसातील सात आकडे सोमवारपासून रविवारपर्यंतचे असून पुढचा हप्ता किती दिवस लांब आहे ते सांगतात: मंगळवारला दोन, बुधवारला एक, शुक्रवारला तीन, याप्रमाणे. तुमचे वार वेगळे असतील तर फक्त हे आकडे बदलायचे. सात कामकाजाचे दिवस असा करार असेल तर `F2+7` च्या जागी `WORKDAY(F2,7)` येते आणि वारही त्या नव्या तारखेचा घ्यावा लागतो.

जुळवणीची सूत्रे

रेमिटन्स फाइल आली की तिच्यातील ओळी रेमिटन्स पानाच्या शेवटी जोडाव्यात. पार्सल पानातील H, I आणि J स्तंभ अनुक्रमे असे असतात:

```
=SUMIFS('रेमिटन्स'!B:B,'रेमिटन्स'!A:A,A2)
=IF(E2="Delivered",D2,0)-H2
=IF(I2=0,"",IF(I2<0,"जास्त",IF(TODAY()>G2+4,"विचारा","थांबा")))
```

पहिले सूत्र त्या पार्सलसाठी आजवर आलेली सगळी रक्कम एकत्र करते. इथे एकच जुळणी शोधणारे सूत्र न वापरता बेरीज करणारे वापरण्याचे कारण असे की एका पार्सलच्या एकापेक्षा जास्त ओळी येऊ शकतात. कुरिअरने आधी दिलेली रक्कम नंतर परत वजा केली, तर ती वजावट आपण रेमिटन्स पानावर त्याच चावीसमोर ऋण रक्कम म्हणून लिहितो आणि बेरीज आपोआप शून्य होते. दुसरे सूत्र पोहोचलेल्या पार्सलची येणे रक्कम आणि आलेली रक्कम यांतला फरक देते. पार्सल परत आलेले असूनही पैसे आले असतील तर फरक ऋण निघतो.

तिसऱ्या सूत्रातील चार दिवस मी मुद्दाम ठेवलेले आहेत. सोमवार ते गुरुवार तीन दिवस आणि गुरुवार ते सोमवार चार, म्हणजे देय हप्ता चुकल्यानंतर त्याच्या पुढचा हप्ताही होऊन जाईपर्यंत शेरा ‘थांबा’ असाच राहतो. एका हप्त्याचा उशीर बहुधा कुरिअरच्या प्रणालीतील नोंद एक दिवस मागे पडल्यामुळे होतो आणि तो आपोआप सुटतो. प्रत्येक उशिरावर तक्रार टाकली तर खऱ्या तक्रारी त्या गर्दीत हरवतात.

उलट दिशेची तपासणी मात्र कधीही टाळू नये. रेमिटन्स पानात शेजारी आणखी एक स्तंभ घेऊन त्यात

```
=COUNTIFS('पार्सल'!A:A,A2)
```

हे सूत्र टाकावे. उत्तर शून्य आले, तर कुरिअरने अशा पार्सलचे पैसे दिले आहेत जे आपल्या यादीत नाही. दोन आले, तर आपल्याकडेच ते पार्सल दोनदा नोंदले गेले आहे. अशी अनोळखी ओळ पाहून आनंद मानण्याचे कारण नाही. तिचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की आपल्या यादीतले दुसरे एखादे पार्सल कायमचे ‘विचारा’मध्ये अडकून राहणार आहे. कधी कधी तिचा अर्थ याहून गंभीर असतो: ग्राहकाने आधीच पैसे भरलेले पार्सल चुकून सीओडी म्हणून गेले आणि त्याने दारात पुन्हा पैसे दिले. ती रक्कम ग्राहकाची आहे आणि त्याने मागण्याची वाट न पाहता ती परत केली पाहिजे.

बँकेतील रक्कम

पार्सले जुळली तरी पैसे खात्यात आले हे त्यातून सिद्ध होत नाही. हप्ते पानावर प्रत्येक हप्त्यासाठी हप्ता क्रमांक, पार्सलांची एकूण वसुली, वाहतूक बिलाची वजावट व त्या बिलाचा क्रमांक, आधी दिलेल्या रकमांची परत वजावट, इतर वजावटी, निव्वळ रक्कम, बँकेत जमा झालेली रक्कम, तिची तारीख आणि बँक व्यवहाराचा क्रमांक लिहावा. निव्वळ रक्कम स्वतः काढावी, कुरिअरने छापलेली उतरवून घेऊ नये. ती बँकेतील जमेशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली पाहिजे.

वजावट आणि वसुली एकत्र करण्याचा मोह इथे फार होतो. हप्ता पन्नास हजारांचा आला म्हणून पन्नास हजारच वसुली लिहिली, तर वाहतूक खर्च खात्यात कुठेच दिसत नाही आणि विक्रीही तेवढ्याने कमी दिसते. वसुली पूर्ण लिहावी आणि वजावट वाहतूक खर्चाच्या बिलासमोर वेगळी टाकावी. ज्या वजावटीसोबत बिलाचा क्रमांक नाही, ती मान्य करू नये. वजनावरून वाढवलेला दर अशाच ‘इतर समायोजन’ नावाच्या ओळीतून शिरतो. काही मध्यस्थ सेवा वसुलीचा भाग विक्रेत्याच्या शिपिंग वॉलेटमध्ये परस्पर वळवतात. तो बँकेत कधीच येत नाही, म्हणून त्यालाही या पानावर स्वतःचा स्तंभ हवा.

एक हप्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वर धरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गुरुवारी १३ तारखेचा हप्ता घेऊ. पार्सल पानानुसार ४, ५ आणि ६ तारखेला पोहोचलेल्या ४८ पार्सलांचे एकूण ६०,८५० या हप्त्यात देय होते. कुरिअरच्या फाइलीत ४६ ओळी असून त्यांची बेरीज ५८,२४० आहे. त्यातून वाहतूक बिलाचे ६,३१५ आणि मागे दिलेल्या एका पार्सलचे १,३५० वजा केले आहेत. निव्वळ रक्कम ५०,५७५ होते आणि बँकेत तेवढीच जमा दिसते. म्हणजे फाइल आणि बँक यांच्यात फरक नाही. जो फरक आहे तो आपले पान आणि फाइल यांच्यात आहे, आणि तो २,६१० इतका आहे.

एकूण पाहणारा विक्रेता इथे ‘दोन पार्सले राहिली असतील’ असे म्हणून थांबेल. ओळीनिहाय चित्र वेगळेच आहे. फाइलीतल्या ४६ पैकी ४५ ओळी आपल्या देय पार्सलांशी जुळतात, एक ओळ अनोळखी आहे, आपली तीन पार्सले फाइलीत नाहीत आणि जुळलेल्या ४५ पैकी एकाची रक्कम कमी आहे.

अनोळखी ओळ १,२४० ची आहे आणि न आलेल्या तिनांपैकी एक पार्सलही नेमके १,२४० चे आहे. रक्कम सारखी असल्याने संशय येतो, पण फक्त रकमेवरून जुळवून टाकणे चूक ठरेल, कारण एकाच वस्तूची अनेक पार्सले त्याच किमतीची असतात. ट्रॅकिंगचा इतिहास उघडला तेव्हा कळले की मूळ लेबल वाटेत फाटल्याने कुरिअरच्या केंद्रात पार्सलवर नवे लेबल लावले गेले आणि त्याला नवा क्रमांक मिळाला. अशा वेळी पार्सल पानातील चावी पुसून नवी लिहू नये. रेमिटन्स पानातील ओळीची चावी जुन्या क्रमांकाने बदलावी आणि शेजारी नवा क्रमांक टिपून ठेवावा. मूळ फाइल जपलेली असल्याने हा बदल केव्हाही पडताळता येतो.

दुसरे पार्सल ९८० चे. ट्रॅकिंगच्या पानावर ते ६ तारखेच्या रात्री उशिरा पोहोचल्याचे दिसते, पण शाखेतून त्याची नोंद मुख्य प्रणालीत ७ तारखेला चढली. कुरिअर रेमिटन्ससाठी हीच दुसरी तारीख धरतो. ७ तारीख शुक्रवार असल्याने त्याची देय तारीख सोमवारी १७ ला जाते. शेरा ‘थांबा’ आहे आणि तो बरोबर आहे. १७ तारखेच्या फाइलीत हे पार्सल येते आणि प्रश्न मिटतो.

तिसरे पार्सल १,१८० चे आणि सगळ्यात जास्त वेळ घेणारे. स्थिती `Delivered`, पण १३ च्या फाइलीत नाही आणि १७ च्याही नाही. १८ तारखेला शेरा ‘विचारा’ होतो. अशा पार्सलच्या बाबतीत कुरिअरला काही लिहिण्याआधी ग्राहकाला एक फोन करावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: पार्सल मिळाले का आणि पैसे कसे दिले. ग्राहकाने ‘मिळालेच नाही’ असे सांगितले तर तक्रार खोट्या डिलिव्हरीची होते आणि तिच्यात डिलिव्हरीचा पुरावा, म्हणजे ओटीपीची नोंद किंवा सही, मागावा लागतो. या प्रकरणात ग्राहकाने पार्सल मिळाल्याचे आणि दारात क्यूआर कोडवर पैसे भरल्याचे सांगितले आणि व्यवहाराचा स्क्रीनशॉटही पाठवला. पैसे कुरिअरच्या खात्यात पोहोचले होते, मात्र शाखेने ते या क्रमांकाशी जोडले नव्हते. ‘पैसे का आले नाहीत’ असे विचारण्याऐवजी एडब्ल्यूबी क्रमांक, डिलिव्हरीची तारीख, रक्कम, ग्राहकाच्या भरण्याचा व्यवहार क्रमांक आणि देय हप्त्याची तारीख असे पाच तपशील लिहून तक्रार केल्याने ती मुख्य कार्यालयातून परत शाखेकडे न फिरता थेट शोधली जाऊ शकते. स्क्रीनशॉट पाठवताना ग्राहकाची इतर माहिती झाकावी.

आता कमी आलेल्या रकमेचे पार्सल. आपल्या पानावर १,५५०, फाइलीत १,१००, फरक ४५०. इथे चटकन कुरिअरवर बोट ठेवले जाते, पण आधी पार्सल बुक करताना कुरिअरकडे गेलेली नोंद पाहावी. या पार्सलची नोंद १,१०० चीच होती. ग्राहकाने नंतर ऑर्डरमध्ये एक वस्तू वाढवली, ऑर्डर प्रणालीत रक्कम बदलली, पण लेबल आधीच तयार झालेले होते. कुरिअरने लेबलवरची रक्कम घेतली आणि तितकी दिली. त्यामुळे ४५० चे येणे ग्राहकाकडे जाते, कुरिअरकडे नाही. लेबल छापल्यानंतर ऑर्डरची रक्कम बदलू न देणे, बदललीच तर जुने लेबल रद्द करून नवे काढणे, हाच यावरचा टिकाऊ बंदोबस्त आहे.

राहिली १,३५० ची परत वजावट. हे पार्सल मागच्या महिन्यात पोहोचलेले दिसत होते आणि त्याचे पैसेही आले होते. आता त्याची स्थिती परतीची झाली आहे आणि कुरिअरचे म्हणणे असे की डिलिव्हरीची नोंद चुकून झाली होती. ऋण ओळ टाकल्यावर पार्सल पानात फरक शून्य येतो आणि शेरा रिकामा होतो. नेमका हाच या पद्धतीतला आंधळा कोपरा आहे: पैसे गेले, मालही परत आला नाही आणि पान मात्र सगळे ठीक म्हणते. म्हणून पार्सल पानाला आणखी एक स्तंभ जोडावा, ‘माल परत मिळाल्याची तारीख’. परतीची स्थिती असलेल्या आणि ही तारीख रिकामी असलेल्या पार्सलांची यादी दर आठवड्याला पाहावी. तारीख पोर्टल पाहून नव्हे, तर डबा हातात घेऊन, उघडून, आत आपलाच माल आहे याची खात्री झाल्यावरच लिहावी. परतीचा डबा रिकामा किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर तो उघडतानाचा व्हिडिओ हा एकमेव उपयोगी पुरावा असतो, आणि तो डबा उघडून झाल्यावर तयार करता येत नाही.

खातेवहीशी मेळ

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कुरिअरसाठी ‘कुरिअरकडून येणे’ असे स्वतंत्र खाते ठेवावे. पार्सल पोहोचले की ग्राहकाच्या नावावरची रक्कम या खात्याकडे वळवावी, कारण त्या क्षणापासून पैसे देण्याची जबाबदारी कुरिअरची असते. हप्ता आला की एकूण वसुलीची रक्कम या खात्यातून कमी करावी आणि बँक जमा, वाहतूक बिल व परत वजावट यांच्या नोंदी आपापल्या जागी पडाव्यात. असे केले की महिनाअखेरीस एक चोख तपासणी उपलब्ध होते: या खात्याची शिल्लक आणि पार्सल पानातील I स्तंभाची बेरीज एकच असली पाहिजे. ४५० सारखे फरक, जे कुरिअरचे नाहीत हे ठरले आहे, ते तोपर्यंत ग्राहकाच्या खात्यावर नेऊन पार्सल पानातील D दुरुस्त केलेला असावा, नाहीतर दोन्ही आकडे कधीच जुळणार नाहीत.

बेरीज जुळली तरी ती शिल्लक कशाची आहे हे देय तारखेनुसार पाहावे. अजून देय न झालेली रक्कम नेहमीच मोठी असते आणि त्यात काळजीचे काही नाही. देय होऊन पंधरा दिवस उलटलेली रक्कम तक्रार क्रमांकासह वेगळी लिहावी आणि तक्रारीच्या मुदतीला दहा दिवस उरले की ती खालच्या स्तरावर न ठेवता कुरिअरच्या खाते व्यवस्थापकाला लेखी कळवावी. पुढच्या वाहतूक बिलातून ती रक्कम आपणच कापून घेणे करारात तशी तरतूद नसताना टाळावे, कारण बिल थकल्याचे कारण दाखवून कुरिअरला संपूर्ण रेमिटन्स अडवता येते आणि हजाराच्या वादासाठी आठवड्याची वसुली अडकते. मुदतीत लेखी मागणी करून तिची पोच जपलेली असेल, तर बिलाच्या वाटाघाटीत तीच रक्कम क्रेडिट नोट म्हणून मागता येते, आणि ती मिळाली की रेमिटन्स पानावर त्या पार्सलच्या चावीसमोर तिची ओळ टाकून फरक शून्य करावा.